वहिनींनी रोखलेलं भाऊजींचं बिल

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वहिनींना ऑफिसात सगळे ‘चाळणी’ म्हणत, अर्थात पाठीमागे; तोंडावर त्या सगळ्यांच्याच ‘वहिनी’. दर शुक्रवारी पुरवठादारांना पैसे जात आणि त्याच्या आदल्या दिवशी वहिनी त्या बिलांची यादी चाळत. एकच बिल दोनदा घुसलंय का, एवढंच पाहायचं. संगणकही पाहतो, पण तो बिचारा सरळमार्गी. पुरवठादाराचा कोड तोच आणि बिलाचा नंबरही तोच असला, तरच त्याला शंका येते. म्हणून वहिनी सारख्या रकमा एकत्र लावत, नंबरांतल्या रेघा आणि पुढची शून्यं काढून टाकत आणि शेवटी बँकेचे खाते क्रमांक जुळवत.

त्या गुरुवारी मात्र त्या चहा विसरल्या. यंत्रदुरुस्तीची दोन बिलं होती. पुरवठादारांची नावं वेगळी, कोड वेगळे, पण रक्कम, तारीख आणि बँक खातं एकच. आणि ते खातं वहिनींच्या धाकट्या दिराचं होतं. दिरांनी आपल्या वर्कशॉपचं नाव बदललं, तेव्हा आमच्याकडे नवा कोड उघडला गेला, पण जुना बंद करायचा राहिला. बिल आधी ईमेलने आलं आणि जुन्या कोडवर चढलं. मग टपालाने मूळ कागद आला, तो नव्यावर. काम झाल्याची सही मात्र एकाच कागदावर होती.

दुरुस्ती दोनदा झाली असेल, या आशेने वहिनींनी दिरांना फोन लावला. झाली नव्हती. वर्कशॉपचं भाडं तुंबलं होतं आणि बिल दोनदा चढल्याचं कळल्यावर त्या दोन्ही रकमांच्या भरवशावर त्यांनी मालकाला शब्द देऊन ठेवला होता.

“एकदा जाऊ दे ना, वहिनी,” ते म्हणाले. “पुढच्या बिलातून वळती करून घ्या. चोरी थोडीच करतोय?”

“भाऊजी, काम एकदा झालंय.”

“मग घरचं माणूस असून उपयोग काय?”

वहिनींनी फोन ठेवला आणि बराच वेळ उगाच पेन्सिलीला टोक काढत बसल्या. आमच्या ऑफिसात पेन्सिल कुणी वापरत नाही. मग दोन्ही बिलं घेऊन साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हे माझे सख्खे दीर आहेत, तेव्हा हे मी ठरवणार नाही, तुम्ही तपासा. साहेबांनी कागद ताडून पाहिले, जुन्या कोडवरचं बिल यादीतून काढलं आणि तो कोड बंद करायला सांगितलं. वर “शाब्बास” म्हणाले. वहिनींचा चेहरा त्या शब्दाने आणखीच उतरला.

शुक्रवारी पैसे गेले. दिरांना एकाच बिलाचे.

संध्याकाळी सगळे उठले, तरी वहिनी जागच्या हलेनात. टेबलावर फोन थरथरत होता. सासूबाईंचा. तिसऱ्यांदा.

“उचला ना,” मी म्हणालो.

“काय सांगू? तुमचा मुलगा यादीत दोनदा होता, मी एकदाच ठेवला?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पदर सारखा केला, फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, “हो आई, ते पैसे मीच थांबवले.”