डब्यात नसलेली चिठ्ठी

आमच्या वाडीतल्या बायकांची भिशी मी चालवते. दर महिन्याला देवळाच्या सभामंडपात बसायचं, जिनं पैसे भरले तिच्या नावाची चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची, आणि कुणातरी पोरीच्या हातून एक उचलायची. इतकी वर्षं हे करणाऱ्या बाईच्या बाबतीत त्या श्रावणात जे झालं ते व्हायला नको होतं. म्हणून ते सांगताना अजून मान खाली जाते.

मेसेज आला तेव्हा मी अंगणात सुके बांगडे पालथे करत होते. फोनवर साड्या विकणारी कुठलीतरी कंपनी होती. तिच्या वर्धापनदिनाच्या सोडतीत माझ्या नंबरला पहिलं बक्षीस लागलं होतं, आणि वर अभिनंदन म्हणून लाल फुलं. त्या कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण रक्कम वाचली आणि पुढचं काही वाचायचं सुचलं नाही. आमच्या होडीचं इंजिन मागच्या हंगामात बंद पडलं होतं. त्या रकमेत नवं इंजिन आलं असतं आणि वर जाळंही.

खाली दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, दर वाक्याला मला ‘मॅडम’ म्हणत होता. मला मॅडम कुणी म्हणत नाही. त्याने सांगितलं, नोंदणीची फी भरा, बाकी सगळं आमचं. आणि बक्षीस हातात येईपर्यंत घरातही बोलू नका, लोक जळतात, नियमही तसाच आहे. सुकी मासळी पर्यटकांना विकायला लागल्यापासून फोनवरून पैशांचे व्यवहार मला येत होते. भरली फी. पैसे कुणा माणसाच्या नावावर गेले, कंपनीच्या नाही, हे स्क्रीनवर दिसलं होतं. मी स्वतःला समजावलं, त्यांचा कॅशियर असेल.

मग जीएसटी आला. तोही भरला.

त्याच आठवड्यात एका मोठ्या बोटीचा मालक आमच्याकडे आला. नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी बाहेर पडत होत्या. आमच्या घोवाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तो तांडेल म्हणून न्यायला आला होता. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. होडी बंद पडल्यापासून पहिल्यांदा घोवाचा चेहरा उजळलेला दिसला. मालक गेल्यावर मी म्हटलं, “आठ दिस थांबा. मगे काय ता ठरवया.”

“कित्याक?” त्यांनी विचारलं.

“सांगतंय मगे. आपली होडीच चालू होतली.”

“बरा,” ते म्हणाले. पुढे विचारलं नाही. मी पैशाच्या बाबतीत कधी फसत नाही, असा त्यांचा समज होता. माझाही.

रविवारी भिशी होती. त्या सकाळीच त्या माणसाचा फोन येऊन गेला होता: आता फक्त आयकर राहिला, तो आधी भरला की संध्याकाळी पूर्ण रक्कम खात्यात. माझ्या बांगड्या रुमालात बांधून पिशवीत ठेवल्या होत्या. सोमवारी गहाण टाकणार होते.

चिठ्ठ्यांच्या घड्या करत बसले होते तेवढ्यात पर्यटक उतरतात त्या घरी कामाला जाणारी वाडीतली एक सून धावत आली. तिचे त्या महिन्याचे पैसे आले नव्हते.

“वयनी, फुडल्या म्हयन्यात दोनूय देतंय. आज माझी चिठ्ठी येतली काय?”

मी हसून म्हटलं, “तुझी चिठ्ठी डब्यात घातलीच नाय, तर ती येतली खंयसून?”

बायका हसल्या. तीही हसली. माझे हात मात्र थांबले. डबा समोर होता, झाकण माझ्या हातात. मी स्वतःला विचारलं, तुझी चिठ्ठी त्या डब्यात कुणी टाकली? साडी घेतली नाही, कूपन भरलं नाही, कुठं नाव दिलं नाही. सोडत म्हणजे आत असलेल्यातून एक निघणं. मी आतच नव्हते, तर निघाले कशी? आणि जिची चिठ्ठी निघते तिला आम्ही पैसे देतो. देण्याआधी तिच्याकडून अजून मागत नाही. मासळी विकताना गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे म्हणून मी आधी त्याला कधी पैसे दिले होते का? आयकर कापायचाच असेल तर त्या एवढ्या रकमेतून कापून बाकीची द्यावी. एवढं साधं.

चिठ्ठी कुणाची निघाली ते आठवत नाही. देवळामागे जाऊन त्या माणसाला फोन लावला.

“मी तुमच्या सोडतीत भाग कधी घेतला?”

“मॅडम, कॉम्प्युटरने आपका नंबर चुना.”

“कुठून निवडला? मी तर तुमच्याकडून काही घेतलंच नाही. टॅक्स बक्षिसातून कापा आणि उरलेलं पाठवा.”

त्याचं मॅडम तिथंच संपलं. आज भरलं नाही तर पोलीस घरी येतील, असं तो सांगू लागला. मी फोन बंद केला. रडू आलं नाही.

घरी येऊन घोवाला सगळं सांगितलं. ते जाळ्याची गाठ मारत होते, ती मारून पुरी केली.

“माका आदी सांगलंस कित्याक नाय?”

“त्यांनी सांगू नको म्हटल्यानी.”

“आनी तू त्येंचा ऐकलंस.”

एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

लगेच सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी बँकेत आणि पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्यातली बाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने शांतपणे विचारलं, “काकी, या कंपनीकडून तुम्ही कधी काही घेतलं होतं?”

“नाही.”

“कुठल्या स्पर्धेत नाव दिलं होतं?”

“नाही,” मी म्हटलं. माझी स्वतःची उत्तरं मला ऐकवत नव्हती. ती म्हणाली, उशीर झालाय, पैसे पुढे काढून घेतले असतील, तरी प्रयत्न करू. ते अजून मिळालेले नाहीत.

तिथून आम्ही बंदरावर गेलो. मालकाशी घोव बोलणार होते, पण मीच पुढे झाले आणि सांगितलं, चूक माझी, मीच त्यांना थांबवलं. मालक भला माणूस. तरी आमचं उत्तर न आल्यामुळे दुसरा तांडेल त्याने दोन दिवसांपूर्वीच ठरवला होता. “खलाशी म्हणून येतलो तर जागा आसा,” तो घोवाकडे न बघता म्हणाला. घोव “येतंय” म्हणाले. हंगामभर ते आपल्याहून लहान असलेल्या तांडेलाच्या हुकमाखाली दोर ओढत होते. तो पूर्वी त्यांच्याच होडीवर काम शिकला होता. त्याबद्दल त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. बोट सुटताना मी बंदरावर जायची बंद झाले.

पुढच्या भिशीला चिठ्ठ्या टाकण्याआधी मी बायकांना सगळं सांगितलं. भिशी माझ्याकडून काढून घेतील अशी तयारी ठेवली होती. मग आमच्यातली सगळ्यांत थोरली, मासळी विकणारी म्हातारी, कमरेच्या पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरत म्हणाली, “ह्या वाच गो. माका बक्षिसात गाडी लागली म्हणतत.”

दुसरी कंपनी, तीच लाल फुलं.

“तू खंय नाव दिललंस?” मी विचारलं.

“खंयच नाय.” ती पदराशी चाळा करत राहिली. “उद्या पैशे भरूचे होते. सुनेक सांगूक लाज वाटा होती.”

मी तिच्या शेजारी सरकून बसले. मेसेज पुसला, तो नंबर ब्लॉक केला. तिने फोन परत पिशवीत ठेवला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.