आमटीतलं येसर आणि तीन ओळी

अगं बाई, फोन नीट कानाला लाव. कान धरायचाय तुझा. दिवाळीला आली नाहीस त्याचं मला एवढं नाही, पण परवा नांदेडहून तू जो मेसेज पाठवलास ना, तो वाचता वाचता माझा चहा थंड झाला! नवऱ्याची रजा, लेकराचा खोकला, एसटीची गर्दी, शेजारणीकडचं बारसं. मावशीला एवढी कारणं? मलाही हीच खोड होती म्हणून सांगते. ऐक.

लातूरला क्लासच्या पोरींना मी घरून डबे देते, तुला ठाऊक आहेच. त्यात बिलोलीकडची एक पोरगी आहे. डॉक्टर व्हायचंय तिला. परीक्षा होईपर्यंत सोमवार करीन, असं आईपाशी बोललेली. सोमवारी तिला भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

त्या सोमवारी आमटी पातळ झाली. माझा हात गेला तो सरळ येसराच्या डब्यात. गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्यासंगं दळलेलं ते पीठ. रोजच्या आमटीला आपण लावतोच की! चाळीस वर्षांची सवय हाताला. उपासाचा विचार डोक्यात आलाच नाही.

संध्याकाळी डबा भरलेला परत आला. झाकण काढलं, वास घेतला. येसर!

दुसऱ्या दिवशी तिची खोलीतली मैत्रीण सांगायला आली. "आजी, तिचा डबा बंद करा. दोन घास खाल्ले अन् वास ओळखला तिनं. उपास मोडला म्हणून रडली, दिवसभर उपाशी राहिली, तशीच क्लासच्या पेपरला गेली. आता बिस्किटं खाऊन राहिलीय."

माझ्या हातचं खाऊन पोरगी रडली आणि आता बिस्किटावर!

चिठ्ठी लिहायला बसले. चांगलं दीड पान भरलं. गॅसची टाकी ऐनवेळी संपली, गुडघा ठणकत होता, येसराचा अन् कुटाचा डबा सारखेच दिसतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, सून त्या दिवशी माहेरी औशाला गेलेली. सुनेला वाचायला दिलं. ती वाचत गेली, ओठ दाबून हसत गेली.

"आत्याबाई, हे वाचून मला तुमचीच कीव आली."

"मग? चांगलं लिहिलंय की!"

"उपाशी कोण होतं? तुम्ही का ती?"

मी पेन खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "अन् मी माहेरी गेले तेही यात? म्हणजे आमटी मीच बिघडवली की!"

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. खोडा."

खोडलं. टाकी खोडली, गुडघा खोडला, चष्मा खोडला. गुडघ्याचं खोडताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू, तो खरंच ठणकत होता. दीड पानाचं उरलं एवढंच:

"बाळा, सोमवारच्या आमटीत मी येसर टाकलं, चूक माझी आहे. तुझा उपास मोडला आणि तू उपाशी पेपरला गेलीस, मला माफ कर. उपासाचं सामान आता वेगळ्या फळीवर ठेवलंय."

"एवढंच? मी रागावलेय असं समजंल ती," मी म्हटलं.

"एवढंच," सून म्हणाली. चिठ्ठी डब्यावर ठेवली, रुमाल बांधला आणि स्कूटीवरून स्वतः देऊन आली.

त्या दिवशी स्वयंपाकघरातून माझे डोळे सारखे फाटकाकडं. संध्याकाळी फाटक वाजलं. पोरगी स्वतः उभी, हातात डबा. हलका! रिकामा, वर धुतलेला. जीव भांड्यात पडला बघ.

"अगं ये, ये. त्या दिवशी काय झालं, टाकी..." मी सुरू झालेच होते. आतून सून मोठ्यानं खोकली. मी तोंड मिटलं.

पोरगी हसली. "आजी, आईला फोनवर चिठ्ठी वाचून दाखवली. आई म्हणाली, एक सोमवार वाढव अन् आजीचाच डबा खा." मग जरा लाजत म्हणाली, "एक सांगू? ती आमटी लई भारी झाली होती. उद्या काय सोमवार न्हाई, येसर घालून करताल का?"

आम्ही तिघी अशा हसलो की शेजारीण भिंतीवरून डोकावली. दुसऱ्या दिवशी येसर घालून पातेलंभर आमटी केली. पोरगी पाटावर बसून भाकरी कुस्करून जेवली.

तर बाई, तुझी ती सगळी कारणं मी खोडलीत. 'मावशी, चुकलं, येते,' एवढ्यात भागतं. नांदेड काय लांब आहे का? या रविवारी लेकराला घेऊन ये. आमटी चुलीवर ठेवते.