दोन्ही हातांनी दिलेला नकार

"बघून घ्या, मग जा."

पासबुक परत देताना तो हे प्रत्येकाला म्हणायचा, आणि दोन्ही हातांनी द्यायचा. सुरतेतल्या आमच्या बँकेत बाकीचे कारकून पासबुक काउंटरवरून सरकवत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. दिसायला साधा, पण त्याच्याकडून निघताना आपण जरा सरळ चालतो.

मी मराठी शाळेत शिकवत होते. आधीच्या दोन स्थळांकडून एकेका ओळीचा नकार आला होता, "पत्रिका जुळत नाही." नकाराला हे कारण सगळेच देतात. पण शेजारच्या मामींनी त्यातून माझा मंगळच काढला. "कडक मंगळ छे, पण घरचे लपवतात!" दोष नाही असं आमचे ज्योतिषी सांगत, पण त्यांचं कोण ऐकणार? ते घरचेच. शेवटी बाबा खचले. बमरोलीच्या एका बिजवराला रविवारी होकार कळवायचं ठरलं. त्याची अट होती, मी नोकरी सोडायची.

त्याआधी मराठी मंडळातल्या एका काकांनी काउंटरवरच्या त्या मुलाचं स्थळ सुचवलं होतं. माझी पत्रिका आणि फोटो त्याच्या घरी गेला होता, उत्तर यायचं होतं. मला तो आवडायचा, आता सांगायला काय हरकत आहे?

शनिवारी त्याचं पत्र आलं. वडिलांनी लिहायचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं होतं.

"सा. न. वि. वि. आमच्या ज्योतिषांनी दोन्ही पत्रिका पाहिल्या. गुण अठराच्या वर जुळतात. परंतु माझं नक्षत्र पुष्य, आपल्या मुलीचं मृग, म्हणजे दोघांचीही मध्य नाडी. आमचे वडीलधारे एकनाडीचा दोष मानतात, म्हणून योग नाही. मुलीचा मंगळ तिसऱ्या स्थानी आहे, त्याचा दोष नाही, हे ज्योतिषांनी मुद्दाम लिहायला सांगितलं. आद्य किंवा अंत्य नाडीचं स्थळ पाहावं. आपली मुलगी ज्या घरी जाईल, त्या घराचं भाग्य. पत्रिका व फोटो सोबत आहे, बघून घ्यावा."

फोटो दुमडू नये म्हणून त्यानं दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला होता. आधीच्या दोघांनी फोटो परतच केला नव्हता.

मला रडू आलं. बाबांनी मात्र सदरा चढवला आणि थेट मामींचं दार वाजवलं. "वाचा मामी, मोठ्यानं. हे नकार देणाऱ्यानं लिहिलंय. त्याला खोटं बोलून काय मिळणार?"

मामींनी चाळीला ऐकू जाईल असं वाचलं. तिसऱ्या स्थानापाशी त्यांचा आवाज खाली आला. "हशे, असेल बाई, माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. बिजवराला त्याच संध्याकाळी नकार गेला, आणि तोही बाबांनी गोड शब्दांत लिहिला.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा अंत्य नाडीचा, नोकरी शाबूत! आमंत्रण द्यायला बँकेत गेले तर त्याची बदली झालेली. नव्या कारकुनानं माझं पासबुक सरकवलं.

तो फोटो आज आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. इतकी वर्षं झाली, त्याला एकही घडी पडलेली नाही.