वॉश म्हणजे धुलाई नव्हे

आमच्या वर्गाचा मॉनिटर शाळेत असताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. आता तो बदलापूरजवळ सोनिवलीला गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवतो. माणूस तोच आहे. अजूनही त्याला वाटतं की आपण सांगितलं की वर्गाने ऐकायचं.

त्याने फोन करून सांगितलं की आपल्या अंबरनाथच्या शाळेची जुनी दगडी इमारत परीक्षा संपल्या की पाडणार आहेत, आणि आपल्या चित्रकलेच्या बाईंना ऐंशी पूर्ण होतायत. गुडघ्यांमुळे बाई कित्येक वर्षांत तिकडे गेलेल्या नाहीत, आता जाऊही शकणार नाहीत. तर वर्गातर्फे त्यांना इमारतीचं चित्र द्यायचं.

"फोटो मी काढलाय. तू त्याचं ते इंक अँड वॉश का काय ते कर. फ्रेमवाल्याला मी फोटो देऊन ठेवतो, त्याला सगळं समजावतो. तू टेन्शन घेऊ नकोस."

मी बदलापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. ज्यांच्यामुळे शिकवते, त्या याच बाई. तेव्हा टेन्शन घ्यायचं नाही हे सांगायला सोपं होतं. त्या इमारतीचं बाईंकडे पुढे जे काही उरणार होतं, ते माझ्या हातचं. त्यात चूक झाली तर त्यांना बदललेली शाळा भिंतीवर बघत बसावं लागणार.

फ्रेमवाले अंकल म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधले सिंधी गृहस्थ. आधी त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आता फ्रेमा आणि ट्रॉफ्या. मला ते नावाने हाक मारत नाहीत, 'टीचर' म्हणतात, आणि दर वेळी चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. दुकानात पोचले तर अंकलच्या चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं घरात लग्न ठरलं.

"टीचर, आपका काम हो गया. बघा, एकदम धो डाला."

मोबाइल माझ्यापुढे धरला. आमची शाळा होती, पण लग्नाच्या हॉलसारखी झालेली. विजेच्या तारा गायब. गेटपाशी कायम उभा असणारा पाण्याचा टँकर गायब. भिंतीतून उगवलेला पिंपळ गायब. दगड असे चकचकीत की आत्ताच कुणीतरी साबण लावून गेलंय. खालच्या व्हरांड्याच्या पाची कमानी एका मापाच्या, आणि दोन्ही टोकांच्या खिडक्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी.

"अंकल, हे काय केलंत?"

"वॉश! मॉनिटर साहब बोले ना, फोटो का इंक और वॉश करना है. इंक तुम्ही मारणार. वॉश मैंने कर दिया."

मी कपाळावर हात मारला. अंकलचं सगळं आयुष्य फोटो धुण्यात गेलेलं. रोल आला की धुवायचा, हा त्यांचा धंदा. वॉश म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? पूर्वी डार्करूममध्ये धुवायचे, आता मोबाइलच्या ॲपमध्ये धुतात, आणि ॲप नको ते पुसून उरलेलं आपल्या मनाने सारखं करून देतं, एवढाच फरक. मी समजावलं की वॉश म्हणजे शाईत पाणी घालून ब्रशने दिलेला पातळ हात, त्याने सावली येते. अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मैला करना है," ते म्हणाले.

"हो. तसंच समजा."

"तो फिर मी फुकट धुतलं," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

मूळ फोटो मॉनिटरकडे मागितला तर त्याने तो उडवलेला. मोबाइल भरला होता म्हणे. अंकलनी मूळ फोटोवरच धुलाई केली होती, त्यामुळे तो त्यांच्याकडेही उरला नव्हता. मॉनिटरला मात्र धुतलेला फोटो जाम आवडला. ग्रुपवर टाकला, तर बाकीच्यांनीही अंगठे दाखवले. "हेच काढ ना यार. कसली क्लीन दिसतेय आपली शाळा." आपली शाळा कधीच क्लीन नव्हती. तू मॉनिटर असताना तर मुळीच नव्हती, असं मी त्याला तिथेच ग्रुपवर लिहिलं.

तरी घरी येऊन मी त्या फोटोवरून पेन्सिलीने आखून बघितलं. माझाही आळस, दुसरं काय. कमानी आखायला लागले आणि हात अडला. मधली कमान इतरांपेक्षा रुंद होती हे मला पक्कं आठवत होतं, कारण प्रार्थनेनंतर आमच्या रांगा तिच्यातून जोडीने आत जायच्या आणि बाजूच्या कमानींतून एकेकालाच जाता यायचं. या चित्रातून जोडीने गेलं असतं तर खांदे घासले असते. मी कागद फाडला आणि रविवारी अंबरनाथ गाठलं.

इमारतीसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा तिची माफी मागावीशी वाटली. जवळून फोटो काढायचा तर मोबाइल वर करावा लागतो, आणि मग भिंती वर जाताना आत झुकतात, जशी काही इमारत जांभई देतेय. रुंद लेन्स लावली तर टोकाच्या कमानी ताणल्या जातात. म्हणून मी गल्लीच्या पार पलीकडे, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, मोबाइल सरळ धरला आणि फोटो घेतले. मग बाईंनी शिकवलं तसं हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठा सरकवला. बाजूच्या एका कमानीची रुंदी हे माप धरलं. तिची उंची या मापाच्या दुप्पट. मधली कमान दीडपट रुंद. वरच्या मजल्याच्या खिडक्या रुंदीला अर्ध्या, आणि त्या कमानींच्या बरोबर वर नव्हत्याच, थोड्या सरकलेल्या होत्या. गिरणीवाला बघत होता. त्याला वाटलं मी नगरपालिकेची आहे, आणि त्याने आपली पाटी आत घेतली.

आणि उजव्या टोकाची खिडकी. ती चित्रकलेच्या वर्गाची. खालचा अर्धा भाग विटांनी बुजवलेला, वरून गिलावा. फक्त वरची अर्धगोल कमान तेवढी उघडी, गजांसकट.

ती बघून मला हसू आलं. ती बाईंची भिंत. आम्ही सहावीत असताना समोरच्या फुटपाथवर एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पट्टी नाही, दोरी नाही, एका हातात अक्षर ओढायचा. आम्हाला चित्रासाठी टेबलावर मांडलेल्या मडक्यापेक्षा तो जास्त आवडायचा. आमचा सगळा वर्ग खिडकीला चिकटलेला. मग एके दिवशी सुट्टीवरून आलो तर खिडकीत विटा. खरा चित्रकार बाहेर आणि बाईंनी मध्ये भिंत घातली, असं म्हणून आम्ही बाईंना 'गवंडीणबाई' नाव ठेवलं. ते नाव त्यांच्या कानापर्यंत गेलं होतं, याची सगळ्या वर्गाला खात्री होती.

मॉनिटरला सांगितलं तर तो फोनवरच घाबरला. "चित्रात ती भिंत काढू नकोस हं. ऐंशीव्या वाढदिवसाला म्हातारीला काय दाखवतेस, तुम्ही खिडकी बुजवलीत म्हणून? अंकलनी धुतली तशीच राहू दे. कुणाला कळतंय?"

"बाईंना कळेल."

"त्यांना कळलं तर वाईट वाटेल ना!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. दोन संध्याकाळी मी नुसता कोरा कागद बोर्डाला टेपने चिकटवून बसले. खिडकी पूर्ण उघडी काढली तर चित्र देखणं झालं असतं, बाई सुखावल्या असत्या, मॉनिटर मिरवला असता. पण बाईंनीच शिकवलं होतं की आधी मोजा, मग काढा, आणि जे मोजलंय ते आवडलं नाही म्हणून बदलू नका. त्यांनाच खोटी खिडकी द्यायला माझा हात वळेना.

शेवटी मोजलं तसं काढलं. पुसट पेन्सिलीत आधी मापाच्या रेघा, कमानी जिथून वळायला लागतात ती आडवी रेघ, मग प्रत्येक कमानीचा मध्य. त्यावर पाण्याने न पसरणारी शाई. ती पूर्ण वाळू दिली, पेन्सिल खोडली, आणि मग वॉश. आधी अगदी पातळ हात, दगडांवर. तो वाळल्यावर दुसरा, छज्ज्यांखाली. कमानींच्या आत सगळ्यात गडद, म्हणजे भिंतीची जाडी कळते. उन्हाच्या बाजूला कागद पांढराच ठेवला. पिंपळही ठेवला. टँकर नाही ठेवला, तो शाळेचा नव्हता. त्या खिडकीच्या विटांवर फिकट हात दिला आणि वरच्या कमानीत एकदाच ब्रश टेकवला.

अंकलनी फ्रेम करताना चित्र बराच वेळ न्याहाळलं. "टीचर, एक खिडकी अर्धीच धुतलीत."

"तेवढीच होती, अंकल."

बाई बदलापूरला मुलीकडे राहतात. आम्ही चौघंच गेलो, केक घेऊन. बाई खुर्चीत, अंगाने बारीक झालेल्या, पण नजर तशीच. आम्ही फ्रेम समोर धरली. मॉनिटरने लगेच सुरुवात केली, "बाई, काही कमी-जास्त असलं तर हिचं आहे, आमचं नाही." याला अजूनही नावं लिहून द्यायची सवय.

बाईंनी टेबलावरचा चमचा उचलला, हात ताठ केला आणि एक डोळा मिटला. अंगठा चमच्यावर सरकत होता. मधली कमान झाली, वरच्या खिडक्या झाल्या. प्रत्येक माप दोनदा घेतलं. मग हात उजव्या टोकाला आला आणि थांबला. मॉनिटर पंख्याकडे बघायला लागला.

"सगळीच बुजवायला सांगितली होती हेडमास्तरांनी," बाई म्हणाल्या. "मुलं बाहेर बघतात म्हणून तक्रार गेली होती. मी त्या गवंड्याशेजारी उभी राहून भांडले. म्हटलं कमानीला हात लावायचा नाही. चित्रकलेचा वर्ग आहे, उजेड तरी येऊ दे."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही मान वर करून ती कमान बघितली नव्हती. आम्हाला विटाच दिसल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की फ्रेम धरलेले हात खाली आले.

"वर धर," बाई म्हणाल्या. "बघतेय मी."

मी धरली. त्या पुढे वाकल्या आणि चमच्याच्या टोकाने, काचेला न लागेल इतक्या अंतरावरून, ती छोटी अर्धगोल कमान दाखवली.

"शाळा सुटून तुम्ही गेलात की मी स्टुलावर चढून इथून बघायचे. काय हात होता हो त्या पेंटरचा."