किमान तीन, कमाल चार

त्यांचं खरं नाव धुलाईकेंद्राच्या पाटीवर होतं, पण गल्लीत त्यांना सगळे इस्त्रीबाईच म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र एकट्या धाकट्या जावेची होती, तीही घरात, जेवताना. बाई तापायच्याही तशाच, एकदम, आणि निवायला वेळ लागायचा. नवरा गेल्यावर दोन मशिनींवर सुरू केलेलं काम त्यांनी आठ बायकांपर्यंत नेलं, ते काही गोड बोलून नाही. बिलं थकवणाऱ्या हॉटेलच्या दारात त्या भर दुपारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पैसे हातात पडल्यावरच उठल्या होत्या.

हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं पाच वर्षांचं कंत्राट मिळालं, तो बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. करारात दरवाढीचं एक कलम होतं. मजुरीचा सरकारी निर्देशांक दरवर्षी जितके टक्के वाढेल, तितकाच धुलाईचा दरही वाढायचा. बाईंनी तिथेच मेख मारली. निर्देशांक कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता; तो वाढलाच नाही तर आम्ही काय हवा खायची, असं म्हणून त्या अडून बसल्या. किमान तीन टक्के तरी द्याच. खरेदी अधिकाऱ्याने चष्मा पुसत विचार केला आणि म्हणाला, देतो, पण मग वरही मर्यादा घालू, कमाल चार. चारच्या वर आकडा जातोय कुठे, असं म्हणत बाईंनी सही ठोकली.

त्या रात्री जेवताना त्यांच्या बढायांना ऊत आला होता. साहेबाला कसा कोपऱ्यात घेतला, हे त्यांनी धाकट्या जावेला तीन वेळा ऐकवलं. ही जाऊ त्यांच्याच केंद्रात चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर उभी राहायची. दुसऱ्या दिवशी त्याच भरात बाईंनी सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं, की आता दरवर्षी भांडायला यायचं नाही. सरकारी आकडा जितका वाढेल तितकी तुमची मजुरी वाढेल, शब्द देते. किमान आणि कमाल हे शब्द तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. का निघाले नाहीत, ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या वर्षी आकडा एक टक्का वाढला. हॉस्पिटलने किमान म्हणून तीन दिले, बाईंनी बायकांना एक दिला. दुसऱ्या वर्षी दोन वाढला, हॉस्पिटलने पुन्हा तीन दिले, बायकांना दोन मिळाले. सगळं शब्दाप्रमाणे, कुणी बोट ठेवायला जागा नाही. मधल्या फरकाच्या जोरावर बाईंनी सुकवणीचं नवं मशीन नोंदवलं आणि आगाऊ रक्कमही भरली.

तिसऱ्या वर्षी आकडा नऊवर गेला.

बाई हॉस्पिटलात पोचल्या त्या रागानेच. धुतलेल्या चादरींची ढकलगाडी त्यांनी मुद्दाम स्वतः आत नेली आणि खरेदी अधिकाऱ्याच्या दारातच उभी केली. चार टक्क्यांत नुसती वाढीव मजुरीसुद्धा बसत नव्हती. बिलाच्या शंभरातले साठ मजुरीतच जायचे, आणि गॅस, साबण वेगळेच. हे सगळं त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं. बाहेर बाकावर बसलेले पेशंट वाकून बघायला लागले. साहेबाने मात्र आवाज चढवला नाही, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला. करार मध्येच बदलता येत नाही, म्हणाला. बदलायचा तर नवीन निविदा काढावी लागेल, आणि तुम्हाला सोडून जायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस द्या, अनामत मात्र जप्त होईल.

"साहेब, नऊ टक्के वाढ तुम्हाला दिसत नाही का?" बाई म्हणाल्या.

"दिसते. आकडा एक होता तेव्हा तीन घेताना तुम्हालाही दिसला असेल. तेव्हा परत करायला आला होतात का?"

बाईंचा राग दुप्पट झाला. गाडी तशीच दारात सोडून त्या निघाल्या. रस्ताभर त्यांनी साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेल्याने गोड बोलून गळा कापला. खरं म्हणजे गळ्याचं माप बाईंनीच दिलं होतं, पण हे त्यांना कोण सांगणार?

केंद्रात वाफ कोंदली होती. बायका दोघी-दोघी मिळून रोलरमध्ये चादरी सरकवत होत्या. हातातली पिशवी टेबलावर आपटून बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की यंदा चार टक्के वाढ मिळेल. हॉस्पिटलने चारच दिलेत, वरचे पाच मी काही झाडावरून तोडून आणणार नाही. जिला परवडेल तिने राहावं.

धाकट्या जावेने हातातली चादर शेवटपर्यंत जाऊ दिली आणि मग रोलर बंद केला. बाकीच्यांचे हात आपोआप थांबले.

"जाऊबाई, आकडा नऊ आहे," ती म्हणाली.

"मला चारच्या वर मिळत नाही. कलम आहे तसं."

"कलम तुमचं आहे. आम्हाला तुम्ही आकडा सांगितला होता."

बाईंचं डोकं सणकलं. घरची माणसंच पाठीत वार करतात, तुझ्या पोरांच्या फिया मी भरल्या, ताप आला तर उशाशी मी बसले, असं सगळं बाहेर पडलं. जाऊ ऐकत राहिली. तिचेही कान लाल झाले होते, पण ती जागची हलली नाही. शेवटी बाई ओरडल्या, "तुमच्यापाशी लिहिलेलं काय आहे? दाखव ना एक तरी कागद."

"कागद नाही. तुम्ही बोलला होतात म्हणून मागितला नाही," जाऊ म्हणाली. "तुम्हाला तीन मिळत होते तेव्हा आम्ही एक घेतला. मला ठाऊक होतं, तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत. शब्द एकचा होता म्हणून मी यांच्यातल्या कुणाला बोलले नाही. आता शब्द नऊचा आहे."

बाकीच्या सातजणींनी माना वर केल्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या बाईने, जिने पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे काम केलं होतं, सावकाश हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. ते बघून बाईंना साहेबापेक्षा स्वतःची चीड आली, आणि अशी चीड यायची त्यांना सवय नव्हती. त्या मागच्या खोलीत गेल्या, दार आपटलं. आतून फोनवर त्यांचा आवाज येत राहिला. सुकवणीचं मशीन रद्द करा, हो, रद्द म्हणजे रद्द, आगाऊ रकमेतलं काय कापायचं ते कापा.

बाहेर आल्या तेव्हाही तोंड फुगलेलंच होतं.

"नऊ," त्या म्हणाल्या, शिवी हासडावी तशा. "आणि पुढच्या दोन वर्षांचं आत्ताच लिहून टाकू. आकडा वाढेल तसं, पण तुम्हालाही कमाल चार."

जाऊने रोलर चालू केला आणि ढिगातली पुढची चादर ओढली. "लिहा," ती म्हणाली, "पण आधी किमान तीन लिहा. आणि ते पहिल्या वर्षापासून."