गुलाबी घोस

१४ ऑगस्ट. रंग उतरवण्याच्या द्रावणाची एक बाटली, १,८६५ रुपये. नेहमीच्या दुकानापेक्षा चारशे दहा रुपयांनी स्वस्त, म्हणून रुग्णालयाचा हिशेबनीस या नात्याने खरेदी मीच मंजूर केली होती.

आमच्या रुग्णालयात तपासणीखोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे जांभळ्या बाई म्हणत. बत्तीस वर्षांत त्यांच्या बोटांचा रंग गेला नव्हता. नवी बाटली उघडली त्याच दिवशी एका गवंड्याच्या सुजलेल्या गुडघ्यातला पू तपासायला आला. औषध चुकलं तर गुडघा कायमचा आखडणार आणि त्याचं परांचीवर चढणं संपणार. त्याची बायको बाहेर बाकावर बसून होती.

बाईंनी काचपट्टीवर पू पसरला, सुकवून आचेवरून फिरवला. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग द्रावणाने धुणं आणि शेवटी गुलाबी रंग. जांभळा टिकून राहिला तर जंतू एका गटाचे. धुऊन जाऊन गुलाबी चढला तर दुसऱ्या गटाचे. औषध त्यावर ठरतं.

बाटलीच्या बिलावर बाईंची सही घ्यायला मी गेलो तेव्हा तरुण डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो मोबाइलवर पाहत होते.

"गुलाबी कांड्या. औषध लिहितो."

"जरा दम धरा, साहेब. फोटो हललाय." बाईंनी सूक्ष्मदर्शकाची बारीक चकती फिरवली. "आता बघा. कांडी कुठली, दोन गोळे शेजारीशेजारी आहेत. मधली फट दिसली? आणि हा बघा, द्राक्षांसारखा घोस."

"पण रंग गुलाबीच आहे ना?"

"असा घोस जांभळा राहायला हवा. आकार जंतूचा स्वतःचा असतो, रंग आपण चढवलेला. चुकलो असू तर आपणच." मग माझ्याकडे वळल्या. "हिशेबनीस, तोंड उघडा. दात घासलेत?"

"घासलेत की."

"असू दे, पुरेसं उरलेलं असतं."

काडीने त्यांनी माझ्या हिरडीवरचा मळ घेतला. दोन्ही रंगांचे जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात. तीच पद्धत, द्रावणाने धुणंही तेवढंच, दहा सेकंद. भिंगाखाली सगळं गुलाबी.

"एक तर हे जगावेगळे गृहस्थ आहेत, नाहीतर बाटली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेबल वाचलं. नुसतं अ‍ॅसिटोन. नेहमीच्या द्रावणात निम्मं स्पिरिट असायचं. नुसतं अ‍ॅसिटोन फार झपाट्याने रंग काढतं. मी फक्त किंमत वाचली होती.

बाईंनी समोरच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून निम्मंनिम्मं मिसळलं. या वेळी माझ्या हिरडीत जांभळे गोळेही सापडले, गुलाबी कांड्याही. मग पुवाची दुसरी पट्टी. पुवाच्या पेशी गुलाबी, त्यांच्यात घोस जांभळे. डॉक्टरांनी लिहायला घेतलेला पहिला कागद फाडला आणि दुसरं औषध लिहिलं.

सहा आठवड्यांनी गवंडी स्वतःच्या पायांनी जिना चढून दाखवायला आला. बाई म्हणाल्या, "मला काय दाखवताय? हिशेबनिसांच्या दातांचे आभार माना."

पुढच्या महिन्यापासून द्रावण जुन्या दुकानातून येतं. बाईंनी आणलेल्या स्पिरिटची पावती नव्हती, त्यामुळे ते पैसे मी अडवून ठेवले. पंच्याण्णव रुपये. ते बाईंना अजून देणं आहे.