वायरमनचा काय दोष?

तेव्हा मी दौंडला राहत होते. बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचे. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या दुकानांत ते बसवून द्यायचं, शिकवायचं, अडलं की धावायचं. सॉफ्टवेअर नव्या धर्तीचं होतं. बिलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर नाही, तर इंटरनेटवरून पुण्याच्या सर्व्हरवर साठायची. कॉम्प्युटर बिघडला तरी हिशेब सुरक्षित, असं मीच सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलेलं.

एका सकाळी यवतहून फोन आला. तिथं हायवेला लागून एका चाचांचं पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. "मॅडम, कालपास्नं बिल निघत न्हाई. तुमच्या हापिसातली पोरं म्हनत्यात, तुमचं नेट खराब हाय."

मी एसटी पकडून गेले. दुकानात राहू गावचे शेतकरी पाइपांसाठी खोळंबले होते. बाहेर खांबावर शिडी लावून टेलिफोनचा वायरमन चढला होता आणि खालून चाचा त्याच्यावर तोंडसुख घेत होते. "दोनदा वायर बदललीस, तरी तेच! फुकटचा पगार खाता व्हय रं?" तो बिचारा घामाघूम. एवढंच म्हणाला, "चाचा, लाइन चांगली हाय वो."

मी कॉम्प्युटरपुढं बसले. मागच्या महिन्यातलं एक बिल उघडलं. झटकन उघडलं. नवं बिल करून 'सेव्ह' दाबलं, तर पडद्यावर चकती फिरत राहिली आणि शेवटी 'एरर'. पुन्हा तेच. नेट बंद असतं तर पुण्यातलं जुनं बिल इथं दिसलं कसं?

मी तिथूनच माझ्या साहेबांना फोन लावला. आधी तेही नेटचंच पालुपद लावत होते. जुनं बिल उघडतंय म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. मग म्हणाले, "सर्व्हरची डिस्क भरली होती. आत्ताच मोकळी केली. पण कस्टमरला हे सांगायचं नाही. नेट सुधारलं म्हणून सांग."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, इथं एक माणूस उन्हात खांबावर चढलाय. आपल्या चुकीसाठी शिव्या खातोय. मी खोटं सांगणार नाही." त्यांनी फोन ठेवला.

मी वायरमनला खाली बोलावलं आणि चाचांना म्हटलं, "चाचा, तुमचं नेट चांगलं आहे. बिघाड आमच्याकडं होता."

"म्हंजी?"

"तुमचं गोदाम असतं ना, तशी सर्व्हरवर सामान ठेवायची जागा असते. तिथं तुमची बिलं राहतात. शिवाय सॉफ्टवेअर दिवसभर काय काय करतं, त्याचीही नोंद तिथंच साठत जाते. ती जुनी नोंद कोणी काढलीच नाही. गोदाम गच्च भरलं. असलेला माल बघता येत होता, पण नवा ठेवायला जागा नव्हती. म्हणून जुनी बिलं दिसली, नवं बसेना."

"आन् भरत आलंय हे कुनाला कळलं न्हाई?"

हाच प्रश्न मीही फोन करून सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला विचारला. तो खजील होऊन बोलला. भरत आल्याची सूचना ईमेलनं जात होती, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर! आता जुनी नोंद काढली होती, ती यापुढं वेगळ्या डिस्कवर जाणार होती आणि ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जाणार होती. सूचना दोघातिघांच्या मोबाइलवर येणार होती. मी हे सगळं चाचांना तसंच सांगितलं.

"माझी झालेली बिलं गेली का?"

"नाही. जे सेव्ह झालं ते आहे. जिथं एरर आला, ते बिल नोंदलंच गेलं नाही. तेवढी बिलं पुन्हा घालावी लागतील." मी नवं बिल केलं. पहिल्या झटक्यात सेव्ह झालं.

चाचांनी बिल नीट बघून घेतलं. मग भडकले ते आमच्या कंपनीवर. "बिघाड कुनाच्या बी मशिनीत हुतो, पोरी. पन माझ्या तोंडून ह्या गरिबाला शिव्या घालायला लावल्या तुमच्या लोकांनी! लाज वाटत न्हाई?" त्यांनी वायरमनला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "चुकलं माझं, भाऊ."

साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी पुण्याला बोलावून झापलं. ग्राहकांचा विश्वास उडेल म्हणे! मी ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात कारेगावपासून शिरूरपर्यंत बिलं अडलेल्या प्रत्येक दुकानात खरं कारण सांगत फिरले. दोघा दुकानदारांनी सॉफ्टवेअर बंद केलं. बाकीचे चिडले, पण राहिले. चाचाही राहिले, मात्र बजावून, "पुन्हा बंद पडलं तर आधी खरं सांगायचं."

ती नोकरी मी पुढं सोडली. पण आजही कुठल्या कंपनीतून 'तुमचं नेट तपासा' असं ऐकलं की माझा आवाज चढतोच.